ऑफर नाकारायची आहे, पण माणूस तोडायचा नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं भरतीचं काम पाहिलं. या काळात आमची ऑफर नाकारणारी बरीच पत्रं माझ्या टेबलावर आली. जवळपास सगळीच गोड होती: 'आपला आभारी आहे', 'आपल्या संस्थेबद्दल नितांत आदर आहे' वगैरे. तरीही त्यातल्या काही माणसांचं नाव पुढे निघालं की मालक कपाळाला आठी घालायचे, आणि काहींचं निघालं की म्हणायचे, "तो पोरगा चांगला होता, परत विचारून बघा." हा फरक पत्रातल्या गोडव्याने पडत नव्हता. पत्र कोणत्या दिवशी आलं आणि ते वाचून आम्हाला पुढचं काम सुरू करता आलं का, यावर तो पडत होता.

म्हणून हा लेख शब्दांपेक्षा आधी वेळेबद्दल आहे. सोबत एक उदाहरण घेते. ते दोन-तीन खऱ्या उमेदवारांवरून जुळवलेलं आहे, पण आकडे आणि क्रम अगदी नेहमीचे आहेत.

उमेदवार चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर. वय एकतीस, मूळचा कोल्हापूरचा. आमच्यासारख्या फाउंड्रीत क्वालिटी इनचार्जची जागा निघाली तेव्हा त्याच्या मावशीच्या यजमानांनी मालकांकडे शब्द टाकला. मालकांनी स्वतः प्लांट फिरवून दाखवला, दुपारी जेवायला नेलं, आणि गुरुवारी ऑफर लेटर ईमेलने गेलं: महिना 62,000 रुपये, दहा दिवसांत सही करून पाठवावी. दरम्यान पुण्यातल्याच दुसऱ्या कंपनीने त्याला 78,000 देऊ केले. बायकोची नोकरी पुण्यात, मुलीला नुकताच शाळेत प्रवेश मिळालेला. रविवारी रात्री घरात ठरलं: कोल्हापूरला जायचं नाही.

आता त्याने काय करावं?

आधी स्वतःलाच विचारा: हा नकार आहे की घासाघीस?

पत्राला हात लावण्याआधी एक चाचणी करा. उद्या मालकांचा फोन आला आणि ते म्हणाले, "बरं, पंच्याहत्तर देतो," तर तुम्ही जाल का? उत्तर 'जाईन' किंवा 'विचार करीन' असेल, तर नकाराचं पत्र लिहू नका. सरळ पगाराबद्दल बोला. ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यात गैर काही नाही.

नकार पाठवून मग वाढीव आकड्यावर होकार देणं मात्र महागात पडतं. मालक पैसे देतात, पण त्या माणसाच्या नावापुढे एक खूण राहते: हा अडवून मागतो. त्याहून वाईट म्हणजे नकार, वाढीव ऑफर आणि पुन्हा नकार. अशा माणसाने शब्द टाकणाऱ्या नातेवाइकालाही गोत्यात आणलेलं असतं.

आपल्या उदाहरणात पंच्याहत्तर मिळाले तरी घर पुण्यातून हलणार नव्हतं. म्हणजे हा खरा नकार.

तुमच्या उत्तराची वाट कोण बघतंय?

उमेदवाराला वाटतं, दहा दिवसांची मुदत आहे, तर नवव्या दिवशी कळवलं तरी चालेल. कागदावर चालतं. आतून चित्र वेगळं असतं.

एका जागेसाठी शेवटच्या फेरीत साधारण तीन माणसं उरतात. पहिल्याला ऑफर जाते. दुसऱ्याला आम्ही नाही म्हणत नाही, "कळवतो" म्हणतो. तो दुसरा माणूस आठ-दहा दिवस वाट बघतो, मग दुसरीकडे हो म्हणतो किंवा फोन उचलायचा थांबतो. तिसरा बहुतेक वेळा फक्त संख्या भरायला असतो. पहिल्याने चौथ्या-पाचव्या दिवशी नकार दिला तर दुसरा अजून हातात असतो, आणि जागा त्याच आठवड्यात भरते. दहाव्या दिवशी दिला तर जाहिरातीपासून सगळं पुन्हा. वर निवडलेल्या माणसाचा साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड धरला, तर क्वालिटीची खुर्ची आणखी तीन-चार महिने रिकामी. तोवर कस्टमरची तक्रार आली की रात्री साडेनऊला मालक स्वतः रिजेक्शनचे फोटो बघत बसतात. त्यांना तुमचं नाव त्या वेळी आठवतं.

म्हणून निर्णय झाल्यापासून चोवीस तासांत कळवा. रविवारी रात्री ठरलं, तर सोमवारी. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर मात्र लेखी हातात आलेलं हवं. तोंडी आश्वासनावर इथला नकार देऊन दोन्हीकडून हात रिकामे झालेली माणसं मी पाहिली आहेत. लेखी यायला उशीर होत असेल तर इकडे मुदत वाढवून मागा, तीही एकदाच आणि तारीख सांगून: "मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वेळ मिळेल का?" शुक्रवार म्हटलं की शुक्रवारी उत्तर गेलंच पाहिजे, ते काहीही असो.

आधी फोन, मग पत्र

ज्या माणसाने तुम्हाला प्लांट फिरवला, त्याला नकार ईमेल उघडल्यावर कळणं बरं दिसत नाही. आधी फोन करा. मोठ्या कंपनीत हा फोन एचआरला किंवा ज्याच्या हाताखाली काम करायचं होतं त्या मॅनेजरला. मालक चालवतात त्या कंपनीत थेट मालकांना, कारण निर्णय त्यांचा होता.

वेळ बघून करा. फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये सकाळचे पहिले दोन तास कालच्या रिजेक्शनची आणि आजच्या डिस्पॅचची मीटिंग असते. तेव्हा नको. साडेअकरा ते साडेबारा किंवा चहानंतर चार-साडेचार ही वेळ बरी. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे तेही बघा. औद्योगिक पट्ट्यात ती रविवारीच असते असं नाही, पिंपरी-चिंचवडकडे अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात.

फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवा. तीन-चार वाक्यं पुरतात:

"सर, नमस्कार. दोन मिनिटं वेळ आहे का? ऑफरबद्दल बोलायचं होतं. घरी सगळा विचार केला आणि मी रुजू व्हायचं नाही असं ठरवलंय. मिसेसची नोकरी आणि मुलीची शाळा पुण्यात आहे, घर हलवणं जमणार नाही. तुम्हाला दुसऱ्या उमेदवाराशी लगेच बोलता यावं म्हणून आजच सांगतोय. लेखी ईमेल तासाभरात पाठवतो."

मग गप्प बसा. ही गप्प बसायची जागा अवघड जाते आणि बहुतेक माणसं तिथेच घसरतात. समोरून दोन सेकंद आवाज आला नाही की "म्हणजे, पुढेमागे बघू, अजून तसं फायनल नाही," असं काहीतरी तोंडून निघून जातं. मालकांच्या कानात एवढंच राहतं: फायनल नाही. मग चार दिवस ते थांबतात, आणि तुमचा वेळेवर दिलेला नकार वाया जातो.

समोरून "किती कमी पडतंय?" हा प्रश्न येईलच. उत्तर: "पैशांसाठी नाही सर, वाढवले तरी राहणं पुण्यातच आहे." हे फक्त खरं असेल तरच म्हणा. पगार हेच कारण असेल आणि तरीही तुम्हाला घासाघीस करायची नसेल, तर "सगळी आर्थिक बाजू धरून ठरवलंय सर, आता त्यात बदल करणार नाही," असं सांगता येतं. दुसरीकडे किती मिळतायत तो आकडा सांगायची गरज नाही. तो सांगितला की बोलणं पुन्हा बाजारात जातं.

शब्द टाकणाऱ्याला कधी सांगायचं?

या बाबतीत क्रम चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त. मावशीच्या यजमानांना आधी सांगितलं तर दोनपैकी एक होतं: एकतर ते "अरे असं कसं, मी शब्द दिलाय" म्हणून तुमचं मन वळवू लागतात, किंवा घाबरून स्वतःच मालकांना फोन करतात आणि तुमचा नकार त्यांच्या तोंडून, त्यांच्या शब्दांत पोचतो. उशिरा सांगितलं तर मालक त्यांना बोलता बोलता म्हणतात, "तुमचा मुलगा नाही म्हणाला," आणि त्यांना काही माहीतच नसतं. त्यांची मान खाली जाते.

म्हणून मालकांचा फोन ठेवला की लगेच पुढचा फोन त्यांना. "काका, आत्ताच सरांशी बोललो. मी जात नाहीये, घर पुण्यातून हलत नाही. सरांनी नीट ऐकून घेतलं. तुम्ही माझ्यासाठी बोललात म्हणून तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं होतं." त्यांनी काही करावं अशी अपेक्षा ठेवू नका. त्यांना फक्त माहीत हवं.

ओळखीऐवजी प्लेसमेंट कन्सल्टंटमार्फत गेला असाल, तर त्यालाही त्याच तासात सांगा. पण त्याच्यावर विसंबून कंपनीला कळवायचं सोडू नका. कन्सल्टंटला फी मिळते ती माणूस रुजू झाल्यावर, साधारणपणे वार्षिक पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे एका महिन्याएवढी. त्यामुळे नकार पुढे पोचवायची त्याला घाई नसते. तो दोन दिवस तुमचं मन वळवत बसेल आणि कंपनीला वाटेल, तुम्ही उत्तरच दिलं नाही.

पत्राची वाक्यं

पत्र लहान असावं. पाऊण पानापेक्षा जास्त लिहिलं की त्यातून अपराधीपणा डोकावू लागतो. भाषा कोणती? ज्या भाषेत बोलणं झालं ती. आपल्या उदाहरणात मालकांशी सगळं मराठीत झालं, तर त्यांना पत्र मराठीतच. ऑफर लेटर इंग्रजीत असेल तर एचआरला त्याच ईमेलमध्ये खाली दोन ओळी इंग्रजीत द्या: ऑफरचा क्रमांक, तारीख, पद, आणि ती स्वीकारत नसल्याचं स्पष्ट वाक्य. एचआरला ते फाइलला लावायचं असतं. मराठी पत्र त्या फाइलसाठी नाही, माणसासाठी आहे.

पहिल्या दोन-तीन वाक्यांतच नकार यायला हवा. अनेकजण आधी दोन परिच्छेद आभार मानतात आणि तिसऱ्यात 'परंतु' येतं. वाचणारा पहिल्या ओळीपासून त्या 'परंतु'ची वाट बघत असतो. फोन झालेला असल्यामुळे त्याला धक्काही बसणार नसतो.

नकाराचं क्रियापद नीट निवडा. मराठीत आपण नकार मवाळ करायला 'शक्य होत नाही', 'जमेल असं वाटत नाही', 'तूर्तास', 'सध्या' हे शब्द वापरतो. घरगुती बोलण्यात ते छान आहेत, इथे घातक आहेत. 'मी रुजू होऊ शकत नाही' असं लिहिलं की कष्टाळू मालक विचार करतो, का शकत नाही? क्वार्टर देऊ का? शनिवार-रविवार पुण्याला जायची सोय करू का? तुम्ही अडचण सांगितलीत, ते ती सोडवायला निघाले. 'तूर्तास' लिहिलंत तर ते सहा महिन्यांनी परत फोन करतील आणि तेव्हा तुम्ही पुन्हा नाही म्हणाल. त्याऐवजी 'रुजू न होण्याचा निर्णय घेतला आहे' असं लिहा. त्यात अडचण नाही, निर्णय आहे. निर्णयाला कोणी क्वार्टर देत नाही.

कारण एकच द्या, खरं द्या, आणि कंपनीला बदलता येणार नाही असं द्या. आपल्या उमेदवाराकडे दोन खरी कारणं होती, पगार आणि घर. पत्रात घर. दुसरं लपवलं असं नाही, ते पत्रात लिहून काही साधत नव्हतं एवढंच. चार कारणं दिली की चारही कमकुवत दिसतात. आणि कंपनीतली उणीव कारण म्हणून कधीच नको, अगदी 'लांब पडतं' हेसुद्धा जपून. खोटं कारण तर अजिबात नको. कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात उद्योगाची माणसं एकमेकांच्या लग्नाला जातात. आईच्या आजारपणाचं निमित्त सांगितलंत, तर आई पुढच्या महिन्यात मालकीणबाईंना अंबाबाईच्या देवळात भेटू शकते.

आभार नेमके हवेत. 'आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे' हे वाक्य कोणत्याही कंपनीला चालतं, म्हणून ते कोणालाच लागत नाही. जे त्या माणसाने खास तुमच्यासाठी केलं, ते एक लिहा. पण इथे एक खड्डा आहे. मालकांनी प्लांट दाखवताना मोकळेपणाने सांगितलं असतं की अमुक कास्टिंगमध्ये ब्लोहोलमुळे इतके टक्के माल परत येतो, अमुक कस्टमर नाराज आहे. 'रिजेक्शनच्या अडचणीबद्दल आपण मोकळेपणाने बोललात' असं कौतुकाने लिहायचा मोह होतो. लिहू नका. ईमेल पुढे जातात. उलट जे बोलणं झालं ते तुमच्यापाशीच राहील, असं एक वाक्य लिहा. शिरोलीत ओतलेली कास्टिंग पुण्याच्या गाडी कारखान्यांत जातात. तुमची नवी कंपनी त्यांची कस्टमर असू शकते किंवा स्पर्धकाची. मालकाच्या मनात ही शंका नक्की असते, पण तो ती तुम्हाला विचारणार नाही.

शेवटची ओळ संबंधाबद्दल. 'भविष्यात संधी मिळाल्यास' हे लिहिलं की वाटतं तुम्ही राखीव जागा मागताय. मी उमेदवार असते तर नोकरीचा विषयच काढला नसता. क्षेत्र एकच आहे, भेट होईल, एवढं पुरे.

पूर्ण पत्र

विषय: क्वालिटी इनचार्ज पदाच्या ऑफरबाबत

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे हे पत्र लिहीत आहे. आपल्याकडील क्वालिटी इनचार्ज पदाची ऑफर मिळाली. घरी पूर्ण विचार करून मी या पदावर रुजू न होण्याचा निर्णय घेतला आहे.

माझ्या पत्नीची नोकरी आणि मुलीची शाळा पुण्यात आहे. आम्ही पुण्यातच राहायचं ठरवलं आहे, त्यामुळे या निर्णयात बदल होणार नाही. आपल्याला दुसऱ्या उमेदवाराशी वेळेत बोलता यावं म्हणून लगेच कळवत आहे.

मुलाखतीच्या दिवशी आपण स्वतः दोन तास देऊन मोल्डिंगपासून फायनल इन्स्पेक्शनपर्यंत सगळा प्लांट दाखवलात, आणि लाइनवरच्या माणसांशी मला एकट्याला बोलू दिलंत. हे मला आजवर कुठल्या मुलाखतीत अनुभवायला मिळालं नव्हतं. त्या दिवशी कामाबद्दल जे बोलणं झालं ते माझ्यापाशीच राहील.

आपण ठेवलेल्या विश्वासाबद्दल मनापासून आभार. क्षेत्र एकच आहे, भेट होत राहील.

आपला,
(नाव, मोबाइल क्रमांक)

(याखाली एचआरसाठी ऑफरचा क्रमांक, तारीख, पद आणि नकाराचं एक वाक्य.)

हे ईमेलने पाठवा, मालकांना आणि एचआरला एकत्र. नंतर मालकांना व्हॉट्सॲपवर एकच ओळ: "सर, ईमेल पाठवला आहे. धन्यवाद." आख्खं पत्र व्हॉट्सॲपवर चिकटवू नका. तिथे ते कांद्याच्या भावाच्या फॉरवर्डखाली दिसतं.

नंतरचे आठ दिवस

नकार नीट पोचला का हे उत्तरावरून कळतं. 'ठीक आहे, शुभेच्छा' एवढं आलं तर काम झालं. एचआरने विचारलं, "तुमच्या ओळखीत कोणी आहे का?" तर त्याहून चांगलं. तेव्हा नाव द्यायचं असेल तर ज्याच्याबरोबर काम केलंय त्याचंच द्या, आणि त्याला आधी विचारून द्या. भीडेखातर कोणाचा तरी बायोडेटा पुढे सरकवला तर दुसऱ्यांदा मालकांचा वेळ घेतल्यासारखं होतं.

दोन दिवसांनी "अजून विचार करा ना" असा फोन आला, तर तो तुमचा नकार धूसर होता याची खूण असू शकते. तेव्हा नवीन कारणं शोधू नका. पत्रातलं तेच वाक्य परत म्हणा: "सर, पुण्यातच राहायचं ठरलंय, बदल होणार नाही." नवं कारण दिलं की जुनं खोटं होतं असं वाटतं.

उत्तरच आलं नाही तर तीन दिवसांनी एचआरला विचारा, ईमेल मिळाला का. मालकांना परत छेडू नका. काहीजण रागावतात, आणि तो राग एक-दोन आठवड्यांत जागा भरली की उतरतो. मी तरी असंच पाहिलं.

आणि नव्या कंपनीत रुजू झाल्याचा फोटो, फुलांच्या गुच्छासह, पहिल्याच दिवशी स्टेटसला टाकू नका. मालकांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह आहे, तुमचा त्यांच्याकडे. महिनाभर थांबलात तर काही बिघडत नाही.

सही करून झाली असेल तर

वरचं सगळं ऑफर स्वीकारण्याआधीचं. सही केलेली प्रत पाठवली, रुजू होण्याची तारीख ठरली, आणि मग निर्णय बदलला, तर प्रकरण जड होतं. तेव्हा दुसऱ्या उमेदवाराला नकार कळवलेला असतो, कदाचित तुमची पार्श्वभूमी तपासणीही सुरू झालेली असते.

आधी सही केलेलं पत्र पुन्हा वाचा. रुजू होण्याआधी माघार घेतल्यास काही रक्कम द्यावी लागेल असं कलम आहे का? जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवायचा आगाऊ खर्च मिळालाय का? मिळाला असेल तर पत्र लिहिण्याआधी तो परत करा आणि व्यवहाराचा क्रमांक पत्रात द्या. 'परत करीन' आणि 'परत केले आहेत' यात फार अंतर आहे.

कायद्याची भीती अनेकांना असते. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 73 खाली कराराच्या भंगामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते, पण ते नुकसान दाखवावं लागतं. नोकरीला येच, असा आदेश कोर्ट देत नाही. व्यक्तिगत सेवेचे करार सक्तीने पाळायला लावायचे नाहीत, हे स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, 1963 मधलं जुनं तत्त्व आहे. मोठ्या रकमेचा बाँड असेल तर मात्र पत्र पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.

फोन इथे तर टाळताच येत नाही, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष भेटा. चाकणहून शिरोली चार-पाच तासांचा रस्ता आहे. सही करून माघार घेणारा माणूस एवढा प्रवास करून समोर येऊन बसला, असं माझ्या नऊ वर्षांत एकदाच घडलं. मालकांनी त्याला आधी चहा पाजला आणि मग चांगलं खडसावलं. दोन वर्षांनी त्यालाच बोलावून घेतलं.

पत्रात दोन गोष्टी बदलतात. कारणाच्या आधी चूक कबूल करायची, आणि उरलेली कामं नावानिशी मिटवायची:

"दि. 4 रोजी मी ऑफर स्वीकारल्याचं लेखी कळवलं होतं आणि दि. 1 रोजी रुजू होणार होतो. तो शब्द मी पाळत नाही. माझ्या होकारामुळे आपण इतर उमेदवारांना नकार कळवला असेल, त्याबद्दल मी दिलगीर आहे. पत्नीची बदली कोल्हापूरला होईल असं आम्ही धरून चाललो होतो, ती रद्द झाली. ही चौकशी मी सही करण्याआधी पूर्ण करायला हवी होती. सामान हलवण्यासाठी मिळालेले 15,000 रुपये आज परत पाठवले आहेत, व्यवहार क्रमांक खाली दिला आहे. तपासणीसाठी दिलेली माझी कागदपत्रं पुढे वापरू नयेत, ही विनंती."

'नाइलाज झाला', 'परिस्थितीच तशी आली' असली वाक्यं इथे काढून टाका. सही तुम्ही केली होती, परिस्थितीने नाही. आणि एचआरकडून ऑफर रद्द झाल्याची लेखी पोच मागून घ्या. नाहीतर ठरलेल्या तारखेला त्यांच्या हजेरीत तुमच्या नावापुढे 'आला नाही' असं पडतं, आणि चार वर्षांनी नव्या एचआरला संगणकावर तेवढंच दिसतं.